स्प्रिंगच्या ग्राफमधले रेषेबाहेरचे पॉइंट

प्रश्न: बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये स्प्रिंगच्या ग्राफमधले सुरुवातीचे एकदोन पॉइंट रेषेवर येत नाहीत. ते खोडून टाकले तर कोणाला कळतं का? मार्क जातात का?

नका खोडू. मी एस. वाय.ला असताना नेमक्या याच प्रयोगावरून माझं आणि माझ्या लॅब पार्टनरचं वाजलं होतं. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

आमचा हँगरच 50 ग्रॅमचा होता. तो लावला तरी पॉइंटर जेमतेम 2 मिलिमीटर हलला. पुढे 100 ग्रॅमला 4 सेंटिमीटर, 150 ला 9, 200 ला 14, 250 ला 19 आणि 300 ला 24. जर्नलमधली थिअरी सांगते की रेषा ओरिजिनमधून गेली पाहिजे. आमची रेषा 100 ग्रॅमपासून पुढे सरळसोट होती, पण मागे वाढवली की वजनाच्या अक्षाला 60 ग्रॅमपाशी जाऊन टेकत होती. पार्टनर म्हणाली, "खालचे तीन काढ, वरचे तीन ओरिजिनला जोड. कोण बघतंय?" सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. खोडरबर माझ्या हातात होता आणि मोह मलाही झाला, कारण तसं केलं असतं तर ग्राफ खरंच देखणा दिसला असता.

पण त्याआधी मी हिशेब करून पाहिला. खऱ्या रेषेत 50 ग्रॅमला 5 सेंटिमीटर वाढ, म्हणजे स्प्रिंगचा स्थिरांक 9.8 न्यूटन प्रति मीटर. ओरिजिनमधून ओढलेली रेषा 300 ग्रॅमच्या पॉइंटला जोडली तर तोच 12.25 येतो. याच प्रयोगाचा दुसरा भाग ऑसिलेशनचा. तिथे 200 ग्रॅम लावून 20 ऑसिलेशनला आम्हाला सुमारे 18 सेकंद लागले होते. स्थिरांक 12.25 असता तर 16 सेकंदच लागायला हवे होते. म्हणजे ग्राफ सुधारला की ऑसिलेशनचा तक्ताही खोटा लिहावा लागणार!

कारण सापडलं ते लॅबमधल्या मामांमुळे. त्यांनी स्प्रिंग खिडकीसमोर धरली. हँगर लावूनही वेढे एकमेकांना इतके चिकटलेले होते की मधून उजेड दिसत नव्हता. 100 ग्रॅमला फटी दिसू लागल्या. घट्ट वेढ्यांची स्प्रिंग वळतानाच तारेला असा पीळ देतात की वेढे एकमेकांवर दाबून बसतात. तो दाब सुटेपर्यंत स्प्रिंग लांबतच नाही. आमच्या स्प्रिंगला त्यासाठी साधारण 60 ग्रॅम लागत होते. म्हणजे आम्ही खोडायला निघालो होतो तो पॉइंट स्प्रिंगबद्दल सगळ्यात जास्त सांगत होता. मी तो ठेवला, त्याला गोल केला, शेजारी कारण लिहिलं आणि रेषा 100 ग्रॅमपासून ओढली. सरांनी "ओरिजिन का नाही?" म्हणून दोन मार्क कापले. ते चुकलेच, असं मी आजही म्हणते. निकाल पुस्तकातल्यासारखा आला की पूर्ण मार्क द्यायचे, या पद्धतीनेच पोरांच्या हातात खोडरबर येतो.

पार्टनर हल्ली मला इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या मिलिकनचं उदाहरण देते. त्याने 1913 च्या तैलबिंदूच्या शोधनिबंधात 58 थेंब दिले आणि त्याच्या वह्यांमध्ये त्याहून बरेच जास्त सापडले, मग तुझ्या एका पॉइंटचं काय घेऊन बसलीस? माझं उत्तर ठरलेलं आहे. थेंब वगळायला कारणं असू शकतात. उपकरण स्थिरावलेलं नसतं, निरीक्षण अर्धवट राहतं. पण हे सगळे थेंब आहेत, निवडलेले नाहीत, असं त्याने छापलं, ती त्याची चूक. वगळलेले सांगून वगळले असते तर माझी काही तक्रार नव्हती.

कळतं का म्हणाल, तर व्हायवात बहुतेक वेळा कळतं. हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचची तिन्ही रीडिंग शंभराव्या भागापर्यंत सारखी दिसली, की एक्स्टर्नल समजून जातात.

आता एक राहिलं. प्रत्येक वाकडा पॉइंट पवित्र असतो असं नाही. 18 सेकंदांच्या जागी 17.1 आले, तर फरक बरोबर एका ऑसिलेशनचा आहे, म्हणजे मोजताना एक चुकलं. तिथेच पुन्हा मोजा, जुन्या आकड्यावर वाचता येईल अशी एकच रेघ मारा आणि शेजारी कारण लिहा. ग्राफवर नवा आकडा घ्या, पण जुना तक्त्यात राहू द्या. आणि वजनं चढवताना घेतलेली रीडिंग उतरवतानाही घ्या. उतरताना पॉइंटर जुन्या जागी आला नाही तर स्प्रिंग कायमची ताणली गेली आहे. मग पॉइंट खोडून उपयोग नाही, मामांकडून दुसरी स्प्रिंग मागून घ्या.