शॉर्टफिल्मसाठी डायरेक्टर्स स्टेटमेंट कसं लिहायचं?

प्रश्न: यवतमाळकडं कापूस वेचणाऱ्या बायांवर शॉर्टफिल्म केली. फेस्टिव्हलवाले डायरेक्टर्स स्टेटमेंट मागतात. काय लिहू?

उत्तर: कथा सांगत बसू नका, ती सिनॉप्सिसमध्ये असतेच. इथं फिल्म तुम्हीच का केली आणि ती अशीच का दिसते, एवढंच हवं. 'शेतकऱ्यांच्या वेदना जगासमोर मांडायच्या होत्या' हे वाक्य आधी खोडा; विदर्भाचं नाव निघालं की ते कुणालाही सुचतं.

त्यापेक्षा असं काही लिहा: 'माझी आई किलोच्या भावानं कापूस वेचायची. तिला काट्यावरचे आकडे वाचता येत नव्हते, म्हणून वजन होताना ती मालकाच्या तोंडाकडं बघायची. वजनाच्या प्रसंगात मी काटा दाखवलाच नाही. कॅमेरा बाईच्या चेहऱ्यावर थांबतो.' यात हेतूतूनच शॉट निघाला. निवड करणारा हेच पडद्यावर पडताळतो. स्टेटमेंटमध्ये स्थिर कॅमेरा आणि फिल्ममध्ये हँडहेल्ड, असं झालं की लगेच उघडं पडतं. त्यामुळं एडिट लॉक झाल्यावरच लिहा.

दीडशे-दोनशे शब्द पुरेत, पण त्या फेस्टिव्हलची शब्दमर्यादा बघून घ्या. सीतादहीसारखा शब्द आला तर 'पहिल्या वेचणीची पूजा' एवढं सोबत लिहा. आणि आधी मराठीत लिहा, इंग्रजी नंतर. थेट इंग्रजीत बसलात की ते वेदनावालं वाक्य परत येतं.