उष्टावणानंतर बाळ पांढरं का पडलं?

“मॅडम, जन्मला तेव्हा तीन किलोचा, लालबुंद होता. उष्टावण झालं आणि महिनाभरात पांढरा पडत गेला. सासूबाई म्हणतात माझं दूधच कसदार नाही. माझं काय चुकलं?”

ताई, तुमचं काहीच चुकलं नाही. मांडीवर सात महिन्यांचा मुलगा, पोट फुगलेलं, डोळ्याची खालची पापणी ओढली तर आत कागदासारखी. हिमोग्लोबिन 5.2. रक्त चढवण्याआधीच एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीसाठी नमुना घेतला होता, हे फार बरं झालं. दात्याचं रक्त मिसळलं की अहवाल फसवतो.

पोटातल्या बाळाला वारेतून, आईच्या रक्तातूनच प्राणवायू ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, एचबीएफ. त्यात अल्फा आणि गॅमा या प्रथिनांच्या साखळ्या असतात आणि ते आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू घट्ट धरतं. जन्मताना बाळाच्या रक्तात साधारण 60 ते 80 टक्के हेच असतं. मग शरीर गॅमा बनवणं कमी करतं आणि तिच्या जागी बीटा साखळी वाढवतं. सहाव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक काम बीटावरच येतं. तुमच्या बाळाला आई-बाप दोघांकडूनही बिघडलेलं बीटाचं जनुक आलंय. गॅमा होता तोवर उणीव झाकली गेली. उष्टावणाचा महिना आणि हा बदल एकाच वेळी येतात, म्हणून बोट दुधाकडे जातं.

त्यांचा नवरा अहवाल पुढे करत म्हणाला, “एचबीएफ 94 टक्के लिहिलंय. मग तर भरपूर आहे ना?”

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. टक्के फक्त वाटा सांगतात. 5.2 ग्रॅमचे 94 टक्के म्हणजे पाच ग्रॅमसुद्धा नाही आणि या वयाला साधारण अकरा लागतात. गॅमा मागे हटला, बीटा आलाच नाही, त्यामुळे अल्फा एकट्या पडल्या. त्यांच्या गुठळ्या होतात आणि तांबड्या पेशी मज्जेतच मरतात. ज्यांच्यात गॅमा उरलाय त्याच थोड्या पेशी टिकतात, म्हणून टक्का मोठा दिसतो. हा बीटा थॅलेसेमिया मेजर आहे.

वाहकांमध्ये एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार वाढलेला असतो. आईचा 5.1 टक्के, वडिलांचा 5.4 टक्के निघाला, म्हणजे दोघंही वाहक. गरोदरपणी लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचं रक्त 9.8च्या वर गेलं नव्हतं, तेव्हाच ही तपासणी व्हायला हवी होती याची मला खंत आहे.

सासूबाई तिची सख्खी आत्या. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे आमच्याच घरातून आलं?” दोन्ही बाजूंनी आलंय, मी म्हटलं. पुढच्या वेळी दिवस गेले की लगेच या. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासता येतो. दर वेळी चारात एक धोका असतो.

“धाकट्याचं माझ्या भावाच्याच दुसऱ्या मुलीशी ठरतंय,” त्या म्हणाल्या. “दोघांनाही उद्याच आणते.”