स्टायपेंड, तास आणि पगाराच्या स्लिपवरची 'पी.टी.'

प्रश्न : मी बी.कॉम. झाले असून कोथरूडमधल्या एका खासगी ऑफिसात १ डिसेंबर २०२५ पासून सहा महिन्यांची इंटर्नशिप करते आहे. सोमवार ते शुक्रवार साडेनऊ ते सहा (मधे अर्धा तास जेवण), शनिवारी दहा ते दोन. काम बिलं बनवणं, ग्राहकांना फोन, एक्सेलच्या नोंदी. स्टायपेंड १२,००० ठरला, हातात ११,८०० येतात. फेब्रुवारीत ११,७०० आले. स्लिपवर कपातीसमोर फक्त 'पी.टी.' लिहिलंय. मी हिशोब केला तर तासाला ६७ रुपये पडतात. एचआर म्हणते, "७५ पडतात, आणि तू इंटर्न आहेस, किमान वेतन तुला लागू नाही." खरं काय? मला काही करता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आधी ते दोनशे रुपये बघू. रक्कम छोटी असली तरी तुमच्या प्रकरणात सगळ्यात बोलकी तीच आहे.

'पी.टी.' म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, राज्य सरकारचा व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाकडून तो दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. तुमचे फेब्रुवारीत शंभर जास्त का गेले, ते यावरून कळेल. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचं नाव सर्वसाधारण खान्यात टाकलंय आणि ते आपलं काम इमानेइतबारे करतंय. पण १ एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर शून्य आहे. तुमच्याकडून एक रुपयाही कापायला नको होता. डिसेंबर ते एप्रिल या पाच महिन्यांत ११०० रुपये विनाकारण गेले.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. मालक पगारातून पी.टी. कापतो तो त्याच्या पगारदार माणसाचा. एकीकडे 'तू कर्मचारी नाहीस' म्हणायचं आणि दुसरीकडे कर्मचारी समजून कर कापायचा, हे एकाच तोंडाने बोलता येत नाही. निव्वळ या एका नोंदीवर प्रकरण जिंकता येणार नाही, पण त्या पाचही स्लिपा जपून ठेवा. त्या ऑफिसने स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या आहेत.

आता तासांकडे वळू. ६७ आणि ७५ हे दोन्ही आकडे चुकीचे आहेत, आणि दोघांची चूक जवळपास सारखी आहे. तुमचं वेळापत्रक जेवणाची सुट्टी वगळून रोज आठ तास आणि शनिवारी चार, म्हणजे आठवड्याला ४४ तास. तुम्ही त्याला चाराने गुणून १७६ धरले. पण महिना चार आठवड्यांचा नसतो. फेब्रुवारी २०२६ नेमका २८ दिवसांचा होता म्हणून तेवढ्यापुरता हिशोब जमतो. जानेवारीत मात्र २२ कामाचे दिवस आणि पाच शनिवार होते, म्हणजे २६ जानेवारीची पगारी सुट्टी धरून १९६ तास. वर्षाचे ५२ आठवडे बारा महिन्यांत वाटले की सरासरी निघते:

४४ × ५२ ÷ १२ = १९०.६७ तास

११,८०० ÷ १९०.६७ = ६१.८९ रुपये

एचआरने काय केलं असणार ते ओळखता येतं. शनिवार सोडून दिला, आठवडा ४० तासांचा धरला, त्याला चाराने गुणून १६० केले आणि कपातीच्या आधीचे १२,००० त्याने भागले. नेमके ७५. शनिवारची सोळा-सतरा तासांची हजेरी या गणितात फुकट गेली. तुलनेसाठी, कपात नसती तर तुमचा दर ६२.९४ आला असता. म्हणजे त्या दोनशेंनी तासामागे एक रुपया पाच पैसे नेले.

मग 'इंटर्नला किमान वेतन नाही' याचं काय? वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, म्हणजे तुमचा पहिला दिवस तिच्या अंमलातच येतो. या संहितेने कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून शिकाऊ उमेदवाराला वगळलंय, पण ते शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली नेमलेल्याला. तिथे लेखी करार लागतो आणि त्याची नोंदणी होते. तुमच्याशी असा नोंदणीकृत करार झाला असेल तर माझं पुढचं बरंचसं म्हणणं गळून पडेल, म्हणून ही गोष्ट आधी तपासा. नुसतं 'इंटर्नशिप लेटर' हा तो करार नव्हे. 'इंटर्न' नावाचा वेगळा वगळलेला वर्ग संहितेत नाही. मोबदल्यासाठी कुशल, अर्धकुशल, अकुशल किंवा कारकुनी काम करणारी व्यक्ती, करार तोंडी असो वा लेखी, ती कर्मचारी.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या इंटर्नशिपबद्दल वाद घालता येतो. तुमची पदवी झालेली आहे. शिवाय बिलं आणि ग्राहकांचे फोन हे त्या ऑफिसचं रोजचं काम आहे. तुम्ही नसता तर त्यासाठी कुणाला तरी पगार द्यावाच लागला असता. ठरलेली वेळ, हजेरी, वरून येणारे हुकूम आणि शिकवणारा कुणी नाही, असं चित्र असेल तर पत्रावरच्या नावाला फारशी किंमत उरत नाही. संहितेखाली देय असलेली रक्कम सोडून देण्याचा करारही रद्दबातल ठरतो. तेव्हा 'तू सही केली होतीस' याला घाबरू नका.

आता तुलना कशाशी करायची ते सांगते, कारण इथे वकीलसुद्धा घसरतात. पुणे महापालिकेची हद्द दुकानं व व्यापारी आस्थापनांच्या किमान वेतनात परिमंडळ एकमध्ये येते. मूळ वेतनात विशेष भत्ता मिळवायचा असतो आणि तो जानेवारी व जुलैत बदलतो. तुमचं काम ज्या वर्गात बसतं त्याची त्या महिन्यांची बेरीज कामगार विभागाच्या तक्त्यातून घ्या. मी निव्वळ गणितासाठी ती १४,३०० धरते. हा तुमचा खरा दर आहे असं समजू नका.

रोजचा दर काढायला ही रक्कम २६ ने भागतात, ५५० येतात. आठ तासांनी भागलं की तासाला ६८.७५. आता कळेल की एचआरचे ७५ कायद्याच्या रेषेच्या वर दिसतात आणि खरे ६१.८९ रेषेखाली असतात. सगळा फरक शनिवार, पाचवा आठवडा आणि कापलेले दोनशे यांचा.

पण दावा तासाच्या दरावर मांडू नका, महिन्यावर मांडा. शनिवारी ऑफिस दोनला बंद होतं ते मालकाच्या सोयीने, तुम्ही काम नाकारलं म्हणून नव्हे. मालकाने कमी वेळ काम दिलं तरी वेतन पूर्ण दिवसाचं, हे संहितेतच आहे. त्यामुळे माझ्या गणितात तुटवडा १४,३०० वजा ११,८००, म्हणजे महिना २५०० रुपये. ११,८०० का धरले? खरोखर देय असलेला कर कापला असता तर तो तुम्हाला दिलेल्या वेतनातच मोजला गेला असता. जो कर तुम्हाला लागूच नव्हता त्याच्या नावाने ठेवून घेतलेले पैसे 'दिले' असं धरता येत नाही.

समोरचा म्हणेल की ४४ तासांचेच पैसे द्या. मग ६८.७५ दराने १३,१०८ होतात, तरी १३०८ रुपये बाकी राहतातच. तो म्हणाला 'ती पार्टटाइम आहे', तर आणखी मजा. राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत अर्धवेळ माणसाला तासाच्या दरावर पंधरा टक्के वाढवून द्यायचे असतात. दर ७९.०६ होतो आणि महिना पंधरा हजारांच्या पुढे जातो. हा मुद्दा त्यांनी काढलाच तर अडवू नका. मात्र खऱ्या तक्त्यातली बेरीज तुमच्या रकमेपेक्षा कमी निघाली, तर मामला पी.टी.च्या ११०० रुपयांपुरताच उरतो, हेही मनाशी धरून ठेवा.

पहिलं पाऊल म्हणून एचआरला एक साधा ईमेल करा. त्यात किमान वेतनाचा उल्लेख नको. एवढंच विचारा: 'माझ्या स्टायपेंडमधून डिसेंबरपासून पी.टी. कापला आहे. महिना २५,००० पर्यंत स्त्रियांना तो लागू नाही. कापलेली रक्कम परत मिळावी. ती सरकारकडे भरली असल्यास चलनाचा तपशील आणि कंपनीचा पीटीआरसी क्रमांक कळवावा.' पीटीआरसी म्हणजे मालकाचा पगारातून हा कर कापून भरण्याचा नोंदणी दाखला. रक्कम भरली असेल तर ती दुरुस्त करून घेणं त्यांचं काम आहे. भरलीच नसेल तर ते कर नव्हे, तुमचे पैसे ठेवून बसलेत, आणि संहितेच्या यादीबाहेरची कपात बेकायदा आहे. बहुतेक ठिकाणी पैसे या टप्प्यावर परत येतात. पण परत देताना काय शब्द वापरलेत ते नीट वाचा.

तोवर हजेरीच्या ॲपचे स्क्रीनशॉट, शनिवारच्या कामाचे मेसेज, तुमच्या नावाने गेलेली बिलं आणि बँक स्टेटमेंट ऑफिसच्या लॅपटॉपबाहेर साठवा. ग्राहकांची गोपनीय माहिती मात्र उचलू नका, तेवढ्यावरून उलटी तक्रार होते. शेवटच्या दिवशी 'सर्व रक्कम मिळाली, काही बाकी नाही' अशा कागदावर सही मागतील. 'रक्कम मिळाली, हक्क राखून' असं लिहून सही करा.

तुटवड्याचा अर्ज वाकडेवाडीला कामगार आयुक्तालयाच्या पुण्यातल्या कार्यालयात चौकशी करून संहितेखालच्या अधिकाऱ्याकडे करता येतो. मुदत तीन वर्षांची आहे. अनुभवाचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत थांबलात तरी चालेल, आणि मी तुमच्या जागी असते तर थांबले असते. पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. अधिकारी फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो, पण ती कमाल मर्यादा आहे. तिच्यावर स्कूटरचे हप्ते ठरवू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्री अर्जदाराला तिथे उत्पन्नाची अट नाही. जाताना पाचही स्लिपा, इंटर्नशिप लेटर आणि ४४ तासांचं वेळापत्रक दाखवणारा एखादा मेसेज बरोबर घ्या.