एकच छोटी ट्रायल सायटेशनला का पुरत नाही

अगं, तू सायटेशनला लावलेली ४० पेशंटची ट्रायल खोटी नाहीये, पण एकटी आहे. ट्रायल्स एकत्र तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिचा मूळ लोगो बघ, त्यातल्या ७ आडव्या रेषा म्हणजे ७ ट्रायल्स, मुदतीआधी बाळंत होणाऱ्या आईला स्टेरॉइड दिलं तर बाळं वाचतात का, यावरच्या. उभी रेषा म्हणजे ‘काही फरक नाही’. बहुतेक आडव्या रेषा तिला टेकतात, म्हणजे एकटीला धरलं तर फायदा पक्का सांगता येत नाही, आणि सगळ्या एकत्र केल्या की खालचा डायमंड सरळ फायद्याच्या बाजूला! तोवर किती बाळं हातची गेली, मला अजून वाईट वाटतं.

तर सुरुवातीला एवढंच कर:
- आधी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू शोध, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने विषयावरच्या सगळ्या ट्रायल्स शोधून तपासणारा लेख; नसेल तरच ट्रायल.
- त्यात सर्च कोणत्या तारखेपर्यंतचा ते बघ. आतल्या ट्रायल्स कच्च्या असतील तर रिव्ह्यूही कच्चाच.

नुसता ‘रिव्ह्यू’ लिहिलेला लेख चालत नाही हं, त्यात लेखक आपल्या पसंतीचे पेपर निवडू शकतो. रविवारी इंदूरलाच आहे, लॅपटॉप घेऊन घरी ये.