लायसन्स आहे, पण त्या क्षणी जवळ नव्हतं

प्रश्न : मेहुण्यांची स्कूटर घेऊन निघालो होतो. नाकाबंदीत अडवलं. लायसन्स, आरसी आणि विमा सगळं डिजिलॉकरमध्ये, पण फोन बंद पडलेला. माझ्यावर विनापरवाना गाडी चालवल्याचं ५,००० रुपयांचं चलन केलं. पीयूसी दोन दिवसांपूर्वी संपली होती, त्याचंही वेगळं चलन. गाडी जप्त करू असंही म्हणाले. पीयूसी मी दुसऱ्याच दिवशी काढली. दोन्ही चलनं भरून मोकळा होऊ का?

उत्तर : पहिलं चलन आत्ताच भरू नका. दुसरं भरून टाका. कारण ही दोन प्रकरणं दिसतात सारखी, पण कायद्याच्या नजरेत वेगळी आहेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'कागद नसणं' आणि 'कागद दाखवता न येणं' हे दोन वेगळे गुन्हे आहेत. कलम ३ आणि १८१ ज्याच्याकडे लायसन्सच नाही त्याच्यासाठी आहेत. त्यात ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लायसन्स असून मागितल्यावर दाखवलं नाही, तर तो कलम १३० चा भंग. त्याला कलम १७७ लागतं आणि पहिल्या वेळचा दंड ५०० रुपयांपर्यंत. तुमच्या बाबतीत रस्त्यावर या दोहोंची गल्लत झाली.

ही गल्लत महागात पडू शकते. गाडी जप्त करण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे आणि तो लायसन्स, नोंदणी किंवा परमिट नसल्यास वापरता येतो. म्हणूनच तुम्हाला ती धमकी ऐकावी लागली. शिवाय विनालायसन्स माणसाला गाडी चालवू दिली म्हणून कलम १८० खाली मालकालाही ५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे तुम्ही चलन मुकाट्याने भरलंत, तर उद्या मेहुण्यांना नोटीस आल्यावर 'लायसन्स होतं हो' हे पटवणं अवघड जाईल.

आता करायचं काय? चलनावर ज्या वाहतूक शाखेचं नाव आहे तिथे मूळ लायसन्स घेऊन जा. सोबत लायसन्स, आरसी आणि विमा यांच्या स्वसाक्षांकित प्रती आणि एक पानी अर्ज न्या. अर्जात चलन क्रमांक, वेळ आणि लायसन्स कधीपासून कधीपर्यंत वैध आहे ते लिहा आणि कलम १८१ चा आरोप वगळावा अशी मागणी करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हतात असं समजा. कलम १३० मध्ये विमा वगैरे कागद नंतर सादर करायला पंधरा दिवस दिले आहेत, पण विम्यासाठी कलम १५८ सात दिवसच देतं. तेव्हा सात दिवसच धरा.

कलम १७७ चं चलन मात्र तिथे उरेल. ते भरा, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. आणि शाखेने काहीच ऐकलं नाही, तर प्रकरण न्यायालयात जाऊ द्या. तिथे मूळ लायसन्स आणि ती पोच दाखवा. चलनावरची रक्कम म्हणजे तडजोडीची रक्कम. ती एकदा भरली की कलम २०० प्रमाणे प्रकरण मिटतं, मग मागे फिरता येत नाही.

पीयूसीचं तसं नाही. तपासणीच्या वेळी ते प्रमाणपत्र अस्तित्वातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी काढलेल्या पीयूसीवर दुसऱ्या दिवसाची तारीख असते, त्यामुळे ती आदल्या दिवसाचा बचाव होऊ शकत नाही. कोणताही कागद नंतर दाखवायला नेताना हीच एक कसोटी लावा : चलनावरच्या वेळी तो वैध होता का? कलम १९०(२) मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि दोषी ठरल्यास तीन महिने लायसन्स गमावण्याचीही. त्यामुळे हे प्रकरण न्यायालयात ताणू नका, चलनावरची रक्कम भरून संपवा.

डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधले कागद मूळ कागदांसारखेच ग्राह्य आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये 'प्रत्यक्ष किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात' असं स्पष्ट म्हटलं आहे. (गॅलरीतल्या फोटोला मात्र हा दर्जा नाही. कितीतरी जण तोच दाखवून हुज्जत घालतात.) पण बंद फोनमधला कागद कोणाला कसा दाखवणार? नोंदणी तर गाडीच्या नंबरवरूनही तपासता येते. लायसन्सचा नंबर मात्र तुम्हालाच सांगता यायला हवा. तो आणि जन्मतारीख एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. म्हणजे फोन बंद असला तरी 'ऑनलाइन बघा' एवढं तरी म्हणता येईल.