सबटायटलवर विसंबू नका, हाका ऐका

«'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' ही कोरियन मालिका नुकतीच सुरू केली. सबटायटलमध्ये सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण कानावर सनबे, ओप्पा असलं काहीतरी पडतं. आणि सेकंड लीड, म्हणजे शेवटी नायिका न मिळणारा दुसरा नायक कोण, हे तुम्हा लोकांना आधीच कसं कळतं?»

अगदी इथेच मीही अडकले होते. आधीच सांगते, मी कोरियन शिकलेली नाही. हे सगळं ऐकून ऐकून जमलेलं ज्ञान आहे.

तुमच्याच मालिकेतलं बघा. नायिका जान-दी जी-हूला 'जी-हू सनबे' म्हणते. सनबे म्हणजे शाळेत किंवा कामात आपल्याआधी आलेला. त्यात मान आहे, आणि थोडं अंतरही. जुन-प्योला मात्र ती 'गू जुन-प्यो!' असं आडनावासकट, मागे काहीही न जोडता ओरडते. तो चेबॉल घराण्याचा, म्हणजे पिढीजात उद्योगसमूहाचा वारस. घरचे नोकर त्याला 'दोर्योन्निम' म्हणतात, आपल्याकडच्या 'धाकट्या मालकां'सारखं. अशा माणसाला ही मुलगी सरळ एकेरीवर घेते. भांडणातली ही बरोबरी नायकाच्या वाट्याला येते, आणि आदराने बोलावला जाणारा, अडीअडचणीला धावून येणारा भला मुलगा बहुतेकदा सेकंड लीड ठरतो. नेहमीच असं नाही हं, पण पैज लावायची तर मी यावर लावेन.

सबटायटलमध्ये हे दोघे नुसते 'जी-हू' आणि 'जुन-प्यो' होतात. सगळी गंमत तिथेच मरते.

त्याहून वाईट म्हणजे हिंदी डबिंग. एका ॲपवर (नाव घेत नाही) मी एक ऑफिसवाली मालिका डब केलेली पाहिली. पहिल्या भागापासून सगळे एकमेकांना 'तुम'. पुढे नायक नायिकेला विचारतो, आता बानमालमध्ये, म्हणजे एकेरीत बोलूया का? अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येण्याचा तो क्षण! डबमध्ये वाक्य झालं, 'आराम से बात करते हैं'. मी भाग आणि मिनिट लिहून तक्रार केली. उत्तर आलं, इंटरनेटचा वेग तपासा. पुन्हा लिहिलं, तर ॲप अपडेट करा. असो.

म्हणून माझं ठाम मत, आवाज कोरियनच ठेवा आणि हाकेचा शेवट ऐका. नावामागे 'शी' म्हणजे सभ्य, पण बेताचं. साहेबाला ते चालत नाही, तिथे हुद्दा आणि 'निम' लागतं. ऑफिसच्या मालिकांमधला श्रीमंत वारस म्हणूनच बऱ्याचदा 'शिल्जांगनिम' किंवा 'बोनबुजांगनिम', म्हणजे विभागप्रमुख साहेब असतो. नायिकेने ते सोडून त्याच्या नावाला 'शी' लावलं, की प्रकरण पुढे सरकलं समजा.

'ओप्पा'वरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. मुली सख्ख्या थोरल्या भावाला, वयाने मोठ्या मित्राला आणि प्रियकराला, तिघांनाही तेच म्हणतात. आधी 'सनबे' म्हणणारी एकदम 'ओप्पा' म्हणाली, तर तेवढं मागे जाऊन परत बघा.