लग्नाच्या अल्बममधले पाहुणे आणि नावांचा तक्ता

प्रश्न: आईबाबांच्या लग्नाचा जुना अल्बम सापडलाय. निम्मे चेहरे मला ओळखूच येत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून नावांचा नीट तक्ता कसा करायचा?

मी हे दोन वर्षांपूर्वी केलं. आमचा अल्बम १९७१चा, काळ्या जाड पानांचा आणि मध्ये बटर पेपर असलेला. फोटो कोपऱ्यांत अडकवलेले असतील तर हलके काढता येतात, पण डिंकाने चिकटवलेले असतील तर ओढू नका, पानासकट सोलून निघतात. मी खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर फोटो काढले आणि त्यांचे ए-४ कागदावर प्रिंट घेतले. चेहऱ्यांवर नंबर टाकले ते या प्रिंटवर. मूळ फोटोच्या मागे बॉलपेनने काही लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो.

माझी पहिली चूक म्हणजे 'नातं' असा रकाना केला. आत्याने सांगितलं, "ही माझी नणंद", मी 'नणंद' लिहून मोकळी झाले, आणि आठवड्याने कोणाची नणंद हेच कळेना. शिवाय आमच्याकडे तीन अक्का आणि दोन नाना निघाले. मग रकाने बदलले: फोटो व नंबर, हाक मारायचं नाव, माहेरचं नाव-गाव, सासरचं नाव-गाव, आईवडील कोण, आणि कोणी सांगितलं. नातं ज्याचं त्याला आईवडिलांच्या रकान्यावरून काढता येतं.

विचारताना "हे कोण?" असं विचारू नका. ऐंशीच्या पुढच्या माणसाला चेहऱ्याआधी प्रसंग आठवतो. अंतरपाटाच्या फोटोत नवरीच्या मागे उभा असतो तो तिचा मामा, कऱ्हा घेतलेली ती करवली, आणि नवऱ्या मुलाचा कान पिळतो तो नवरीचा भाऊ. त्यामुळे "बाबांचा कान पिळायला कोण उभं राहिलं होतं?" असं विचारलं की नाव पटकन येतं, वर त्याला मानाचं काय मिळालं आणि तो कसा रुसला हेही येतं. फक्त "सख्खा की चुलत?" हे लगेच विचारून घ्या. सख्खा भाऊ नसेल तर मान चुलत किंवा मामेभावाला जातो. आमच्या अल्बममध्ये कान पिळणारा मामेभाऊ होता आणि मी त्याला महिनाभर आईचा भाऊ धरून चालले होते.

मोठ्यांना आधी एकेकटं विचारा. एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव तक्त्यात जातं. तुम्हीही "ही शांतामावशी ना?" असं सुचवू नका, "हो हो, तीच" असं उत्तर ठरलेलं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही प्रश्नचिन्हासह ठेवा.

याचा फायदा कसा होतो ते सांगते (नावं बदलली आहेत). ग्रुप फोटोतल्या १४ नंबरच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईंना आत्याने ओळखलं: "ही आमची चुलत बहीण कुसुम, माहेर वाईचं, दिली मिरजेला." सासरचं नाव तिला आठवेना. हळदीच्या फोटोत मोकळ्या डोक्याने वाकलेल्या ६ नंबरच्या बाईंना मावशीने ओळखलं: "या सुशीलावहिनी, आमच्या मिरजेच्या चुलतभावाची बायको, माहेर वाईचं." माहेरचं नाव तिला ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी या दोन बाया होत्या, एक बाबांकडची, एक आईकडची. तक्ता स्वच्छ उतरवून काढताना दिसलं की एकीचा रिकामा रकाना दुसरीत भरलेला आहे. लग्नात नाव बदललेली ती एकच बाई. मग दोघींना समोरासमोर बसवून दोन्ही फोटो पुढे ठेवले, तर मावशी म्हणाली, "अगं, हे स्थळ तिनेच तर आणलं होतं!" हे आईबाबांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

घरात आहेराची वही असेल तर तीही शोधा. आमची ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिकेसोबत होती. तिच्यात बहुतेक घरच्या पुरुषाचं नाव, गाव आणि रुपये किंवा भांडं एवढंच असतं, म्हणून बायकांची नावं तिथे मिळणार नाहीत. पण गावाचं नाव घेतलं की मोठ्यांची गाडी सुरू होते.

आणखी एक, पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पोरांना विसरू नका. तेव्हा सहा-सात वर्षांची होती ती आता साठीत आहेत, नजर-कान शाबूत, आणि कोणाच्या कडेवर कोण होतं हे त्यांना बरोब्बर आठवतं. आमच्या ग्रुप फोटोतले २३ पैकी २० चेहरे असे लागले. उरलेल्या तिघांतला एक, आत्याच्या मते, फोटोग्राफरचा मदतनीस असावा. त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह ठेवलंय.